पिशवीबरोबर आणखी काय काढलं?

मैत्रिणींनो, पत्रिकेत माझा विषय ‘ऑपरेशननंतरचा कोरडेपणा आणि त्यावरचं औषध’ असा छापला आहे. मंडळाने योनीच्या कोरडेपणाचा हा शब्द सरळ छापला, याबद्दल अध्यक्षताईंचे मनापासून आभार. त्या विषयावर मी येणारच आहे. पण आधी एका कागदाबद्दल बोलते, कारण तो वाचल्याशिवाय औषध ठरवता येत नाही.

ज्यांच्या किंवा ज्यांच्या घरातल्या कुणाच्या पिशवीचं ऑपरेशन झालंय, त्यांनी हात वर करा. बघा, निम्म्या खोलीचे हात वर आहेत. आता ज्यांना अंडाशयं काढली की ठेवली हे नक्की सांगता येईल, त्यांनीच हात वर ठेवा. दोन, तीन... आणि मागे एक वहिनी शेजारणीला विचारतायत. अहो वहिनी, तिला कसं माहीत असणार!

गर्भपिशवी काढली की पाळी थांबते. पण अंडाशयं जागेवर असतील तर ती इस्ट्रोजेन हे संप्रेरक तयार करत राहतात आणि शरीराला पाळी गेल्याचं कळतही नाही. दोन्ही अंडाशयं काढली, तर मात्र एक-दोन दिवसांत इस्ट्रोजेन तळाला जातं. वयानुसार पाळी जाते तेव्हा हाच बदल काही वर्षं घेतो, आणि त्यानंतरही अंडाशयं टेस्टोस्टेरॉनसारखी संप्रेरकं थोडी थोडी देत राहतात. ऑपरेशनने तेही बंद होतं. म्हणून वाफा, घाम, झोप उडणं, चिडचिड, इच्छा मरणं हे सगळं जास्त जोरात आणि एकदम येतं. आपल्याकडे दोन्ही ऑपरेशनांना एकच नाव, ‘पिशवी काढली’. माझी तक्रार इथे आहे.

एका बाईंची गोष्ट सांगते, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून. वय बेचाळीस, शाळेत शिक्षिका. गाठींमुळे रक्तस्राव फार, म्हणून पिशवी काढली. तिसऱ्या रात्री घामाने चिंब होऊन उठल्या. सासूबाईंना वाटलं ताप उतरतोय, त्यांनी वरून आणखी एक गोधडी घातली. प्रेमाने घातली हो, पण त्या बाईंचं काय झालं असेल! थर्मामीटर मात्र अठ्ठ्याण्णवच दाखवत होता. शाळेत परतल्यावर वर्गात फळ्याकडे तोंड करून त्या वाफ ओसरायची वाट बघायच्या. कुणी सांगितलं अशक्तपणा, कुणी पित्त, कुणी ‘मनाला लावून घेतलंय’. थायरॉईड तपासलं, नॉर्मल. झोपेच्या गोळ्या झाल्या.

सहा महिन्यांनी लघवीला जळजळ सुरू झाली. अँटिबायोटिकचा कोर्स झाला, पुन्हा जळजळ, पुन्हा कोर्स. पण लघवीच्या कल्चरमध्ये जंतू वाढले नव्हते, आणि ते कुणी बघितलं नव्हतं. नवऱ्याजवळ जाणं म्हणजे चिरल्यासारखं दुखणं. त्या मुलीच्या खोलीत झोपायला लागल्या आणि घरात त्याचा अर्थ भलताच लावला गेला.

माझ्याकडे आल्या तेव्हा डिस्चार्ज कार्डावर फक्त पिशवी काढल्याचं लिहिलं होतं. मी फाईल उलटी करून पॅथॉलॉजीचा रिपोर्ट शोधला. काढलेला प्रत्येक अवयव त्या तपासणीला जातो, म्हणून हा कागद सहसा खरं सांगतो. त्यात पिशवी, तिचं मुख, दोन्ही नळ्या आणि दोन्ही अंडाशयं होती. अंडाशयांवर शेरा: कोणताही दोष नाही.

निरोगी अंडाशयं बेचाळिसाव्या वर्षी का काढली? उत्तर ठरलेलं असतं, ‘पुढे कॅन्सर नको’. ज्या घराण्यात बीआरसीए जनुकातला दोष असतो तिथे हे खरं आहे. बीआरसीए-१ असेल तर अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका शंभरात चाळीसच्या आसपास जातो, आणि तिथे काढणंच शहाणपणाचं. आपल्याकडच्या साधारण बाईला तो शंभरात एकीहून कमी. त्या बदल्यात लवकर येणारी हाडांची झीज आणि हृदयविकार यांचा वाढलेला धोका तिच्या वाट्याला येतो. बीडच्या ऊसतोड कामगार महिलांची २०१९ ची पाहणी आठवा: ब्याऐंशी हजारांतल्या तेरा हजारांहून अधिक जणींच्या पिशव्या काढलेल्या. त्यांतल्या किती जणींची अंडाशयंही गेली, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरली आहेत. तर मग औषधाकडे येते.

त्या बाईंना आधी अंगभर जाणारं इस्ट्रोजेन दिलं. पाळी वयानुसार जाईपर्यंत जे शरीराने स्वतः केलं असतं, तेच आपण भरून देतो. पाळी गेल्यावर संप्रेरकं देण्यावरच्या २००२ च्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाने सगळ्यांना घाबरवलं, पण त्यातल्या बायकांचं सरासरी वय त्रेसष्ट होतं. बेचाळिशीत अंडाशय गमावलेल्या बाईला तो हिशेब लागू होत नाही. गर्भपिशवी नसेल तर नुसतं इस्ट्रोजेन पुरतं. पिशवी असेल तर प्रोजेस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक जोडावंच लागतं, नाहीतर आतलं अस्तर वाढतं. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे आतल्यासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढण्याचा आजार, होता अशांना पिशवी नसली तरी डॉक्टर कधी कधी दोन्ही देतात.

मी जेल निवडलं, कारण त्वचेतून जाणाऱ्या नेहमीच्या मात्रेने गोळीसारखा रक्ताच्या गुठळीचा धोका वाढत नाही. रोज दीड मिलिग्रॅम इस्ट्राडायोल हे इस्ट्रोजेन, दंडावर पसरून, वाळू द्यायचं. तासभर लेकराला तिथे बिलगू द्यायचं नाही. तरुण बायकांना बरेचदा मात्रा वाढवावी लागते, त्यांचीही वाढवली. महिन्याभरात रात्रीची झोप परत आली.

पण कोरडेपणा राहिला, आणि असं खूप जणींत होतं. इस्ट्रोजेन गेलं की योनीचं अस्तर पातळ होतं, आतला आम्लपणा जातो, चांगले जंतू कमी होतात. लघवीचा मार्गही त्याच इस्ट्रोजेनवर जगतो, म्हणून जळजळ. त्यांना इस्ट्रिऑल या सौम्य इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं: अर्धा ग्रॅम, अ‍ॅप्लिकेटरने आत, रात्री झोपताना, दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा. वाटाण्याएवढं बोटाने बाहेर, लघवीच्या जागेजवळही. सुरुवातीला थोडं झोंबतं. पातळ कातडी आहे, दोन आठवड्यांत निवळतं. पूर्ण फरकाला आठ ते बारा आठवडे लागतात. बहुतेक जणी तिसऱ्या आठवड्यात ‘काही उपयोग नाही’ म्हणून ट्यूब कपाटात ठेवतात, आणि बऱ्या झालेल्या थांबवतात, तेव्हा त्रास परत येतो. हे वर्षानुवर्षं चालू ठेवायचं औषध आहे.

डब्यातल्या कागदावर कॅन्सर, गुठळी असं सगळं छापलेलं असतं. तो मजकूर गोळ्यांवरून घेतलेला आहे. या मात्रेत रक्तात फार थोडं जातं, म्हणून पिशवी असली तरी सोबत प्रोजेस्टेरॉन लागत नाही. मात्र पिशवी असताना रक्त दिसलं, किंवा क्रीम लावूनही खाज आणि पांढरे चट्टे राहिले, तर तपासून घ्या.

स्तनाचा कॅन्सर झालेल्यांबद्दल एक चिठ्ठी आहे. त्यांनी आधी बिनहार्मोनचं मॉइश्चरायझर आठवड्यातून दोन-तीनदा आणि संबंधाच्या वेळी वंगण वापरावं. निरोध वापरत असाल तर खोबरेल नको, रबर फाटतं. त्याने भागलं नाही तर क्रीमचा निर्णय कॅन्सरच्या डॉक्टरांबरोबर, आणि अ‍ॅनास्ट्रोझोल किंवा लेट्रोझोल ही इस्ट्रोजेन दाबणारी गोळी चालू असेल तर जास्तच जपून.

बाईंचं विचाराल तर जळजळ तिसऱ्या महिन्यात गेली, त्यानंतर अँटिबायोटिक लागलेलं नाही. डिस्चार्ज कार्डाच्या कोपऱ्यात त्यांनी स्वतः पेनाने लिहून ठेवलंय: ‘दोन्ही अंडाशयं काढली’. नव्या डॉक्टरांकडे गेल्या की तोच कागद आधी पुढे करतात.