कॉमाच्या पलीकडे कोण उभं आहे?

फळ्यावर एक वाक्य लिहितो, तुम्ही मनात वाचा: "वॉकिंग अलाँग द रोड, अ स्नेक बिट हिम ऑन द लेग." एरर स्पॉटिंगच्या प्रश्नात हे वाक्य आलं तर आपल्या भागातली बरीच मुलं "नो एरर" देऊन पुढे जातात. त्यांनी व्याकरण वाचलेलं नसतं असं नाही. ते वाक्य वाचताना मनात मराठी चालू असते, आणि मराठीत ते अगदी सरळ लागतं: "रस्त्याने चालताना त्याला साप चावला." यात काय चुकलं? काहीच नाही. ज्यांचं शिक्षण कन्नडमधून झालं ते मनात म्हणतात, "रस्तेयल्लि होगुवाग अवनिगे हावु कच्चितु." तेही बरोबरच. म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मुलाला घरची भाषाही सावध करत नाही आणि शाळेतलीही नाही. दोन्ही भाषा त्या वाक्याला बिनतक्रार सोडून देतात. म्हणून या चुकीसाठी "कानाला कसं वाटतं" हा उपाय आपल्याकडे चालत नाही.

दोष नेमका कुठे आहे ते पाहू. मराठीतलं "-ताना" फार मोकळं आहे. "चालताना" म्हटलं की चालणारा कोण हे आपण अर्थावरून ठरवतो. तो "त्याला" या रूपात आला तरी चालतं, वाक्यात पुढे कुठेही आला तरी चालतं. इंग्रजीला ही मोकळीक नाही. तिथे शब्दांना विभक्तीचे प्रत्यय जवळजवळ नाहीतच, त्यामुळे कोण कोणाचा हे जागेवरून ठरतं. वाक्याच्या सुरुवातीला "वॉकिंग" आलं, त्याच्यापुढे कॉमा आला, की कॉमानंतर जो कर्ता उभा असेल तोच चालणारा. आपल्या वाक्यात तिथे उभा आहे साप. ज्याला साप चावला तो बिचारा "हिम" होऊन मागे राहिला. त्या "वॉकिंग"ला आधार देणारं कोणी जागेवर नाही, म्हणून त्याला डँगलिंग पार्टिसिपल, लोंबकळणारं धातुसाधित, म्हणतात.

आता उपाय. घरची भाषा फसवते, पण तिच्यातलंच दुसरं रूप आपल्याला वाचवतं. "-ताना" वापरू नका, "-णारा" वापरा. "-णारा" हे विशेषण आहे, त्याला लगेच पुढे नाम लागतं, आणि ते नाम कॉमानंतरचंच घ्यायचं. "रस्त्याने चालणारा साप त्याला चावला." लगेच खटकलं ना? तीच चूक. क्रियापद "-इंग"चं असेल तर "-णारा" किंवा "असलेला", तिसरं रूप असेल तर "-लेला", आणि "हॅविंग" असेल तर "अमुक करून मोकळा झालेला". एवढे तीन साचे पुरतात. वाक्य पूर्ण भाषांतरित करत बसायचं नाही. सुरुवातीचा तुकडा आणि कॉमानंतरचं पहिलं नाम, एवढंच जोडून पाहायचं.

हे दोन वाक्यांवर करून पाहू. गोकाकच्या झुलत्या पुलावर आपल्यापैकी बरेच जण गेलेले आहेत. पहिलं वाक्य: "स्टँडिंग ऑन द ब्रिज, द फॉल्स लुक ब्यूटिफुल." दुसरं: "सीन फ्रॉम द ब्रिज, द फॉल्स लुक ब्यूटिफुल." कॉमानंतरचा भाग दोन्हींत अक्षरशः एकच आहे. आता साचा लावा. पहिल्यात "पुलावर उभा असलेला धबधबा". धबधबा पुलावर उभा नसतो, म्हणून चूक. दुसऱ्यात "पुलावरून पाहिलेला धबधबा". पाहिला जातो तो धबधबाच, म्हणून बरोबर. मराठीत "पुलावर उभं राहून धबधबा सुंदर दिसतो" असं आपण बिनदिक्कत बोलतो, त्यामुळे पहिलं वाक्यही बरोबर वाटण्याचा धोका असतो. परीक्षक नेमकी हीच जोडी पुढे ठेवतात, आणि "सीन"ने सुरू होणारं वाक्य उगाच चुकीचं ठरवणारेही बरेच निघतात.

एक फसवी जागा स्वतंत्रपणे दाखवतो, कारण तिथे हुशार मुलंही घसरतात. "वेटिंग ॲट द बस स्टँड, हिज बॅग वॉज स्टोलन." कॉमानंतर "हिज" दिसतं आणि मन म्हणतं, थांबणारा माणूस आलाच की. पण "हिज" म्हणजे "त्याची". ती षष्ठी आहे, कर्ता नाही. कर्ता आहे "बॅग". साचा लावा: "बस स्टँडवर थांबणारी त्याची बॅग". चूक उघडी पडते. दुरुस्ती करताना सुरुवातीच्या तुकड्याला स्वतःचा कर्ता द्यायचा: "व्हाइल ही वॉज वेटिंग ॲट द बस स्टँड, हिज बॅग वॉज स्टोलन."

दुसरी फसवी जागा पॅसिव्हची. "हॅविंग फिनिश्ड द पेपर, द आन्सर शीट वॉज हँडेड ओव्हर बाय द स्टुडंट." मराठीत "विद्यार्थ्याने पेपर संपवून उत्तरपत्रिका दिली" म्हणताना क्रियापद उत्तरपत्रिकेप्रमाणे चालतं, तरी कर्ता विद्यार्थीच राहतो. कर्मणी प्रयोगाची ही सवय अंगात मुरलेली असल्यामुळे "आन्सर शीट" पुढे आलेलं डोळ्यांना टोचत नाही. इंग्रजीत मात्र पॅसिव्ह केलं की कर्त्याची खुर्ची कर्माला मिळते, आणि पेपर संपवून मोकळी झालेली उत्तरपत्रिका असा अर्थ निघतो. म्हणून सुरुवातीला "-इंग" किंवा "हॅविंग" आणि कॉमानंतर पॅसिव्ह दिसला, की तिथे थांबून साचा लावाच.

चूक आहे हे कळलं तरी काम संपत नाही. कोणत्या तुकड्यावर बोट ठेवायचं? एसएससीच्या सीजीएल टियर 1 मध्ये इंग्रजीचे 25 प्रश्न असतात, प्रत्येकी 2 गुण, आणि चुकीच्या उत्तराला 0.50 कापले जातात. दोष ओळखून तुकडा चुकला तरी गुण जातात, वर ते अर्धा गुण कापलेलं वेगळंच. सापाचं वाक्य असं तोडलं आहे समजा: पहिला तुकडा "वॉकिंग अलाँग द रोड", दुसरा "अ स्नेक बिट", तिसरा "हिम ऑन द लेग". दुरुस्ती दोन ठिकाणी करता येते. पहिल्या तुकड्यात "व्हाइल ही वॉज वॉकिंग" केलं, की बाकीचं वाक्य हात न लावता सुधारतं. दुसऱ्या तुकड्यात "ही वॉज बिटन बाय अ स्नेक" करायला गेलात, तर तिसऱ्यातलं "हिम" काढून टाकावं लागतं. म्हणजे दोन तुकडे हलतात. एरर स्पॉटिंगच्या प्रश्नात चूक एकाच तुकड्यात आहे असं गृहीत असतं, म्हणून जिथे एकट्याने दुरुस्ती पुरी होते तो तुकडा उत्तर. इथे पहिला.

पण तुकडे वेगळे पाडले, दुसऱ्यातच "अ स्नेक बिट हिम" आणि तिसऱ्यात फक्त "ऑन द लेग", तर पहिला आणि दुसरा दोन्ही एकट्याने सुधारतात. असा प्रश्न मुळातच सदोष आहे. सराव पुस्तकांत तो येतो, आणि एका पुस्तकात उत्तर एक, दुसऱ्यात दुसरं दिसतं. त्यावर डोकं फोडून स्वतःच्या समजुतीवर शंका घेऊ नका. परीक्षेत असा आलाच तर मी पहिला तुकडा धरायला सांगेन, कारण लोंबकळणारा भाग तिथे आहे. आणि तात्पुरती उत्तरतालिका आली की हरकत घ्यायला हा रास्त मुद्दा आहे.

"बीइंग अ रेनी डे, वुई स्टेड ॲट होम" या वाक्यात असा घोळ होत नाही. "पावसाळी दिवस असलेले आम्ही" हे जमत नाही, म्हणून चूक. आणि सुरुवातीला "इट" हा एकच शब्द घातला की सुधारतं: "इट बीइंग अ रेनी डे." उत्तर पहिला तुकडा. हवामान, वार, सुट्टी यांच्याबद्दल "बीइंग"ने सुरू होणारं वाक्य दिसलं की "इट" आहे का, हे आधी बघा. "द सन हॅविंग सेट, वुई रिटर्न्ड" मध्ये "हॅविंग"च्या आधीच त्याचा स्वतःचा कर्ता "द सन" बसला आहे. त्याला कॉमानंतरच्या कर्त्याची गरज नाही. तिथे साचा लावायचा नाही, वाक्य बरोबर आहे.

कॉमा नसतानाही हा दोष येतो, तो शेवटी. "ही सॉ अ बायसन ड्रायव्हिंग टू खानापूर." इथे मालक वाक्यात हजर आहे, फक्त दूर पडला आहे, म्हणून याला मिसप्लेस्ड मॉडिफायर म्हणायचं. "-णारा" जवळच्या नामाला लावा: "खानापूरला गाडी चालवत जाणारा गवा". जांबोटीच्या जंगलात गवे आहेत, पण गाडी चालवणारे नाहीत. तुकडा उचलून पुढे न्या: "ड्रायव्हिंग टू खानापूर, ही सॉ अ बायसन." मात्र शेवटच्या "-इंग"च्या आधी कॉमा असेल, जसं "शी सॅट बाय द विंडो, वॉचिंग द रेन", तर ते खिडकीला न चिकटता कर्त्याकडे परत जातं. "पाऊस बघणारी ती." बरोबर.

आता या साच्याची मर्यादा. "कन्सिडरिंग हिज एज, द वर्क इज गुड." साचा म्हणेल, "वय विचारात घेणारं काम", म्हणजे चूक. पण हे वाक्य बरोबर आहे. काही "-इंग" शब्द झिजून शब्दयोगी अव्ययासारखे झाले आहेत आणि त्यांना कर्ता लागत नाही. "कन्सिडरिंग", "रिगार्डिंग", "कन्सर्निंग", "जजिंग फ्रॉम", "जनरली स्पीकिंग", "स्ट्रिक्टली स्पीकिंग", "ओइंग टू", आणि तिसऱ्या रूपातलं "गिव्हन". आपल्याकडे "वय पाहता काम चांगलं आहे" यातलं "पाहता" असंच झालेलं आहे. तिथे पाहणारा कोण, असं कोणी विचारत नाही. ही आठ नावं पाठ करा, आणि साचा लावण्याआधी सुरुवातीचा शब्द त्यांच्यातला आहे का तेवढं पाहा. नियम नव्याने शिकलेला विद्यार्थी पहिल्या आठवड्यात सर्वाधिक गुण घालवतो ते इथेच, "कन्सिडरिंग"वर लाल खूण करून.