अंधाऱ्या सीनमध्ये स्क्रीन लुकलुकते? व्हीआरआर कधी बंद करायचं

नमस्कार मंडळी! गेममध्ये तुम्ही गुहेत शिरता आणि समोरची काळपट करडी भिंत सारखी उजळते, मंदावते. बाहेर उन्हात आलात की सगळं ठीक. पॅनेल गेलं असं समजून सर्व्हिस सेंटरला फोन लावू नका. आधी व्हीआरआर, म्हणजे व्हेरिएबल रिफ्रेश रेट बंद करा आणि गुहेत त्याच जागी जाऊन बघा. लुकलुक थांबली, तर दोष व्हीआरआरचाच.

व्हीआरआरमध्ये ग्राफिक्स कार्डची फ्रेम तयार झाली की स्क्रीन रिफ्रेश होते, त्यामुळे रिफ्रेश रेट सतत बदलत असतो. पण ओएलईडी पॅनेलचा गामा, म्हणजे कोणत्या सिग्नलला किती उजेड द्यायचा हे गणित, बहुतेक वेळा वरच्या रेटला धरून बसवलेलं असतं. रेट खाली आला की पिक्सेलला चार्ज धरून ठेवायला लागणारा वेळ बदलतो आणि उजेड किंचित सरकतो. लख्ख चित्रात एवढा फरक कळत नाही, काळ्याच्या जवळच्या छटांमध्ये तो लगेच डोळ्यांत भरतो. व्हीए पॅनेलच्या मॉनिटरवरही हा त्रास होतो.

आता खरी गोम बघा. समजा, तुमच्या स्क्रीनची व्हीआरआर रेंज 48 ते 120 हर्ट्झ आहे आणि गुहेत गेम 45 ते 52 एफपीएसमध्ये खालीवर होतोय. 50 एफपीएसला स्क्रीन 50 हर्ट्झवर चालते. गेम 47 वर आला की रेंज संपते, म्हणून प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवली जाते आणि स्क्रीन एकदम 94 वर उडी मारते. फरक तीन फ्रेमचा, पण रिफ्रेश रेट जवळपास दुप्पट! मॉनिटरच्या मेनूत रिफ्रेश रेटचा आकडा दाखवायची सोय असेल तर तो चालू ठेवा. आकडा उडतो त्याच क्षणी भिंत लुकलुकताना दिसेल. लोडिंग स्क्रीनवरही असंच होतं, कारण तिथे फ्रेम अडखळत येतात.

मग बंद कधी करायचं? गेम 60 एफपीएसवर घट्ट टिकत असेल तेव्हा बिनधास्त. 120 हर्ट्झच्या स्क्रीनवर व्ही-सिंक लावलं की प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा दिसते, चित्र फाटत नाही. संथ, अंधाऱ्या हॉरर गेमला मी हेच सांगेन. 60 टिकत नसेल तर आधी सावल्यांची सेटिंग उतरवा. तरीही जमलं नाही तर 40 ची मर्यादा घाला, म्हणजे प्रत्येक फ्रेम तीनदा.

काही टीव्हींमध्ये काळ्या छटा आणखी गडद करायची सेटिंग असते. त्याने लुकलुक दबते, पण सावलीतला तपशीलही जातो. म्हणून मला तो उपाय पटत नाही.

वेगवान शूटर 80 ते 110 मध्ये पळत असेल आणि नकाशा उजेडाचा असेल, तर व्हीआरआर राहू द्या. तिथे ते काढलंत तर चित्र फाटेल किंवा झटके बसतील. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये Manage 3D settings, मग Program Settings मध्ये ज्या गेममध्ये व्हीआरआर नको तो एकच गेम निवडा आणि Monitor Technology ला Fixed Refresh करा. बाकीच्या गेमना धक्का लागत नाही.