अकरा जणांना पाठवा, नाहीतर…

नमस्कार, श्रोतेहो.

समजा, रात्री साडेदहाला मावशीचा मेसेज येतो. ती जुळे सोलापुरात राहते, तुमचं घर बाळीवेशीत. वर देवाचा फोटो, खाली मजकूर: अकरा जणांना पाठवा, सात दिवसांत शुभ वार्ता कळेल, नाही पाठवलात तर घरात अघटित घडेल. पूर्वी हेच पोस्टकार्डावर येत असे. त्या वेळी निदान अकरा कार्डांचे पैसे जायचे आणि अकरा वेळा हाताने लिहावं लागायचं.

उत्तर लिहिण्याआधी मेसेजच्या डोक्यावर बघा. दोन बाण असतील, तर तो पाच किंवा त्याहून जास्त हातांतून फिरत आलेला आहे. म्हणजे धमकी मावशीची नाही, ती तिलाही कुणीतरी दिलेली आहे. (कॉपी करून पाठवला असेल तर मात्र बाण दिसत नाहीत.) आणखी एक गोष्ट. २०२० पासून असा दोन बाणांचा मेसेज व्हॉट्सॲपवर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. म्हणजे अकरा जणांना पाठवायला मावशी अकरा वेळा तेच करत बसली. रात्री साडेदहाला, चष्मा लावून. हे गमतीने कुणी करत नाही. घरात काहीतरी चिंता आहे, हे इथेच ओळखायचं.

आठवून बघा. काकांची सोनोग्राफी बुधवारी आहे. झालं, उत्तर त्या बुधवारला द्यायचं, मेसेजला नव्हे.

हे उत्तर तिला एकटीला पाठवा, घरच्या ग्रुपवर नको. चारचौघांत नाही म्हटलं की तिचा पाणउतारा होतो, आणि मग तिला मेसेजची बाजू घेऊन भांडावं लागतं. तिच्या मेसेजवर बोट सरकवून ‘रिप्लाय’ही करू नका. तसं केलं की तुमच्या शब्दांच्या डोक्यावर तोच धमकीचा मजकूर पुन्हा दिसतो. नवी ओळ सुरू करा. आता मजकूर ऐका:

“मावशी, मेसेज मिळाला. अकरा जणांत माझी आठवण केलीस, बरं वाटलं. बुधवारी काकांची सोनोग्राफी आहे ना? मी नऊला घरी येते, रिक्षाने बरोबर जाऊ. तो मेसेज मी पुढे पाठवत नाही, माझ्यापाशीच थांबवलाय. तू तुझं केलंस, न पाठवणारी मी. तुझ्याकडे काही येत नाही.”

यातलं शेवटचं वाक्य फार कामाचं. मावशीला भीती असते ती साखळी आपल्यापाशी तुटेल याची. ती तुटली माझ्यापाशी, असं आपण सांगतो. तिच्या श्रद्धेशी वाद नाही, देवाविषयी अवाक्षर नाही. ‘अंधश्रद्धा’ हा शब्द इथे लिहिलात की पुढचं काही वाचलं जाणार नाही. हसणारे चेहरेही नकोत.

पुष्कळ लोक सोपी वाट धरतात: “हो मावशी, पाठवला.” वाद टळतो, पण बुधवारचा रिपोर्ट चांगला आला की श्रेय त्या मेसेजला जातं, आणि पुढच्या खेपेला यादीत पहिलं नाव तुमचं.

मावशीचं उलट उत्तर येईल, “अगं पाठव की, तुझं काय जातंय?” इथे हिशेब उपयोगी पडतो, पण तो वाद म्हणून नको, नवल म्हणून सांगा. अकरा जणांनी अकरांना पाठवायचं, म्हणजे १२१. मग १३३१. असं करत सहाव्या फेरीला आकडा होतो १७ लाख ७१ हजार ५६१. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या आसपास होती. म्हणजे अख्ख्या शहराने नेमाने पाठवायचं ठरवलं तरी सहाव्या फेरीला माणसंच पुरायची नाहीत. कुणाला तरी थांबावंच लागतं. “मग मीच थांबते की,” एवढं म्हणून विषय सोडा. घरात आजारपण मोठं असेल, नुकतंच कुणी गेलं असेल, तर हिशेब अजिबात काढू नका. लिहूही नका, सरळ फोन करा.

आता त्या सात दिवसांचं. सात दिवसांत कुठल्याही घरात काहीतरी बिनसतंच. दूध नासतं, नळाला पाणी यायची पाळी पुढे जाते, गाडी पंक्चर होते. एरवी ते कुणी मोजत नाही. मेसेजने मुदत दिली की मोजलं जातं. म्हणून उत्तर पाठवून गप्प बसलं तर काम अर्धंच राहतं. बुधवारी नऊला ठरल्याप्रमाणे जायचं. आणि आठव्या दिवशी आपणहून फोन करायचा. काकांचं जेवणखाण विचारायचं, या खेपेला शेंगाचटणी केलीस का विचारायचं. मेसेजचा विषय तिने काढला तर ऐकून घ्यायचा, आपण काढायचा नाही.

नमस्कार.