डोळ्यांखालचं काळं आणि चोविसाव्या वर्षीचं फिलर

श्रोतेहो, नमस्कार.

लग्नसराई जवळ आली की आमच्या त्वचारोगाच्या ओपीडीत बावीस, चोवीस, सव्वीस वर्षांची मुलं-मुली एकच तक्रार घेऊन येतात. मोबाइल पुढे करतात, सेल्फी मोठा करून दाखवतात आणि म्हणतात, "मॅडम, मी आत्तापासूनच म्हातारी दिसायलेय." बोट बहुतेक वेळा डोळ्यांखाली असतं. आज मी तेवढ्याच जागेबद्दल बोलणार आहे, कारण फिलर घेऊन पस्तावलेली जी तरुण माणसं माझ्याकडे येतात, त्यांतली बरीचशी या जागेपाशीच अडकलेली असतात.

डोळ्यांखालची कातडी फार पातळ असते. ती काळी दिसण्याची मुख्य कारणं तीन. एक, कातडीतच रंग जास्त असणं. दोन, पातळ कातडीतून खालच्या रक्तवाहिन्या दिसणं. तीन, तिथं खळगा असणं आणि त्या खळग्याची सावली पडणं. फिलर नावाचं जेल खळगा भरतं, बाकी काही करत नाही. कातडीतला रंग त्यानं तसूभरही कमी होत नाही.

तुमचं कारण कोणतं, याचा अंदाज घरी येतो. दिवसा खिडकीकडे तोंड करून आरसा धरा. समोरून उजेड पडल्यावर काळेपणा बराच गेला, तर ती सावली होती. गेला नाही, तर खालची कातडी बोटानं हलकेच ताणा. ताणल्यावरही काळं तसंच राहिलं, तर तो रंग आहे. आपल्याकडे रंगाचंच प्रमाण मोठं. आईच्या, आजीच्या डोळ्यांखालीही तेच असतं. धुळीच्या ॲलर्जीनं डोळे सतत चोळले की तो वाढतो, आणि अंगात रक्त कमी असलं की पांढरट चेहऱ्यावर तो उठून दिसतो. यात वय झालं असं काहीच नाही. उलट आपल्या सावळ्या कातडीतलं मेलॅनिन उन्हापासून थोडंफार राखण करतं, त्यामुळे गोऱ्या कातडीपेक्षा आपल्याकडे सुरकुत्या उशिराच येतात.

लातूरला राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी, वय चोवीस. ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलून सांगते. साखरपुडा ठरला, तेव्हा तिनं शिकवण्यांचे साठवलेले पैसे मोडून डोळ्यांखाली फिलर घेतलं. एक सिरिंज म्हणजे एक मिली. अर्धी डावीकडे, अर्धी उजवीकडे. साखरपुड्याच्या फोटोत ती छानच दिसली. सात-आठ महिन्यांनी मात्र डोळ्यांखाली फुगवटा दिसू लागला, सकाळी उठल्यावर जास्त. कडेला निळसर झाक आली. ती पुन्हा तिथंच गेली, तर "जेल कमी पडलंय" म्हणून आणखी अर्धी सिरिंज दिली. माझ्याकडे आली ती आईला घेऊन. आई म्हणाली, "बाई, लेकराचं तोंड सुजल्यावानी दिसायलंय, किडनीचं तर काही नाही ना?"

किडनी ठीक होती. हे जेल असतं हायलुरोनिक ॲसिडचं. आपल्या शरीरातही तो पदार्थ असतो आणि त्याचा गुण पाणी धरून ठेवण्याचा, म्हणून फुगवटा. जेल कातडीच्या फार जवळ राहिलं की त्यातून उजेड विखुरतो आणि तो भाग निळसर दिसतो. वर्षभरात आपोआप विरघळेल, असं तिला सांगितलेलं होतं. पण डोळ्यांखालचं जेल काही वर्षांनीही एमआरआयमध्ये दिसल्याची उदाहरणं आहेत. मुळात तिचा खळगा नावापुरता, काळेपणा रंगाचा. आणि हिमोग्लोबिन साडेआठ. ते आधी कुणी तपासलंच नव्हतं. याचा मला फार राग येतो. साध्या रक्ततपासणीनं जे कळलं असतं, ते न बघता कोवळ्या पोरीच्या डोळ्यांखाली सुई घातली जाते.

हे जेल विरघळवता येतं. हायलुरोनिडेज नावाचं एन्झाइम असतं, ते जेलचे तुकडे करतं. पण नेमकं काय टोचलंय हे आधी कळायला हवं, कारण सिलिकॉनसारखं कायमचं फिलर त्यानं विरघळत नाही. सिरिंजच्या खोक्यात लॉट नंबरचं स्टिकर असतं, ते हिला दिलेलंच नव्हतं. मग आम्ही सोनोग्राफी करून खात्री केली. मधमाशी किंवा गांधीलमाशी चावून कधी अंगावर रिॲक्शन आली होती का, ते विचारलं, कारण त्यांच्या विषातही याच जातीचं एन्झाइम असतं. हातावर टेस्ट घेतली आणि मग थोडाच डोस दिला. दोन दिवसांत फुगवटा उतरला. दोन आठवड्यांनी उरलेल्या जागी पुन्हा थोडा दिला.

खरा त्रास त्यानंतर झाला. फुगलेल्या चेहऱ्याची नजरेला सवय झालेली, त्यामुळे जेल गेल्यावर तिला स्वतःचा चेहरा खोल गेलेला वाटला. ती रडून म्हणाली, "आता तर आधीपेक्षा म्हातारी दिसायलेय." याच क्षणी पुष्कळ जण पुन्हा फिलर घ्यायला जातात. मी तिला फिलरच्या आधीचं परीक्षेचं हॉल तिकीट आणायला लावलं. त्यातला फोटो आणि आरसा शेजारी धरले, तेव्हा तिला पटलं की खळगा होता तेवढाच आहे. मग लोहाच्या गोळ्या, ॲलर्जीचे थेंब, उन्हात जाताना सनस्क्रीन. काही महिन्यांत काळेपणा थोडा फिका झाला. पूर्ण गेला नाही, आणि जाणार नाही हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

आता थोडं बोटॉक्सबद्दल, कारण सुरकुत्या पडूच नयेत म्हणून पंचविशीच्या आत ते घेणारीही आहेत. बोटॉक्स काही भरत नाही. नसेकडून स्नायूला जाणारा निरोप ते अडवतं आणि स्नायू ढिला पडतो. कपाळाचा जो स्नायू आठ्या पाडतो, तोच भुवया वर उचलतो. तो जास्त ढिला केला की भुवया खाली येतात आणि डोळे जड वाटतात. याला उतारा नाही. असर ओसरेपर्यंत, म्हणजे साधारण तीन-चार महिने, थांबावंच लागतं. चेहरा शांत ठेवल्यावर जी आठी दिसत नाही, तिच्यासाठी या वयात सुई कशाला? आपल्याकडच्या उन्हात गाडीवर डोळे बारीक करून फिरणाऱ्या पोरांना मी आधी चष्म्याचा नंबर तपासायला पाठवते. गॉगल आणि नंबरचा चष्मा मिळाला की कितीकांचं कपाळ आक्रसणं थांबतं.

तरीही कुणाला फिलर घ्यायचंच असेल, तर टोचणारी व्यक्ती डॉक्टर आहे का, आणि हायलुरोनिडेज त्यांच्या फ्रिजमध्ये आत्ता आहे का, हे आधी विचारा. जेल रक्तवाहिनीत गेलं तर ती बंद पडते. टोचतानाच किंवा पुढच्या काही तासांत जोराची कळ येते, कातडी पांढरी पडते, नंतर तिच्यावर जांभळी जाळी उमटते. अशा वेळी सकाळची वाट पाहू नका, बर्फ लावत बसू नका; टोचणाऱ्या डॉक्टरांना तिथल्या तिथे फोन करा. आणि एका डोळ्यानं अंधुक दिसू लागलं, तर गाडी करून थेट नेत्रविभाग असलेल्या मोठ्या दवाखान्यात जा. निघतानाच तिथं फोन करून "फिलर घेतलंय आणि दिसत नाही" एवढं सांगून ठेवा.