स्क्रीन शेअर झाली, खातं रिकामं झालं: आता लगेच काय करायचं?

नमस्कार मंडळी. समजा, परभणीच्या मोंढ्यावर काकांनी सोयाबीन घातलं, आडत्यानं पट्टीचे 82 हजार खात्यावर टाकले. संध्याकाळी फोन येतो: "काका, वीजबिल अपडेट नाही, रात्री साडेनऊला लाईट कट होईल. एक अ‍ॅप टाका, मी इथूनच करून देतो."

ते अ‍ॅप म्हणजे एनीडेस्क किंवा तसलंच दुसरं. कॉम्प्युटर दुरुस्त करणारे ते रोज वापरतात, म्हणून ते प्ले स्टोअरवर सापडतं आणि काकांना शंका येत नाही. मग तो म्हणतो, "स्क्रीनवर आकडे दिसतात ते सांगा." काका आकडे सांगतात, परवानगीचं बटण दाबतात, आणि तिथून काकांच्या फोनवर जे दिसतं ते त्यालाही दिसतं.

पण पैसे अजून गेलेले नसतात, हे नीट ऐका. तो म्हणतो, "फक्त दहा रुपये भरा." काका त्यानं पाठवलेल्या लिंकवर कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे टाकतात. ते त्यानं वाचलेले असतात. पुढं मोठ्या रकमेचा ओटीपी मेसेज वर झळकतो, तोही तो वाचतो. काकांनी तोंडानं ओटीपी सांगितलेलाच नसतो! म्हणून "मी तर कोणाला काहीच सांगितलं नाही" असं म्हणणाऱ्या माणसावर घरच्यांनी चिडू नका, तो खरं बोलतोय.

पैसे कटल्याचा मेसेज दिसला की पहिलं काम: फोन कट करा आणि एअरप्लेन मोड लावा. वायफाय चालू राहिलं असेल तर तेही बंद करा, म्हणजे त्याची नजर तुटते. बॅलन्स बघायला त्याच फोनवर बँकेचं अ‍ॅप उघडू नका. पासवर्ड टाकताना तो पुन्हा बघू शकतो.

शेजाऱ्याचा फोन घ्या आणि 1930 लावा, ही ऑनलाईन फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे. खाते नंबर, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा नंबर सांगा. इथून पैसे ज्या खात्यात गेले तिथं रोखायचा प्रयत्न होतो. पण चोरानं ते एटीएममधून काढले, तर रोखायला काही उरत नाही, म्हणून "सकाळी बँकेत जाऊ" म्हणू नका. लाईन लागली नाही तर cybercrime.gov.in वर तक्रार टाका.

लगेच बँकेला फोन. नंबर कार्डाच्या मागचा घ्या, गुगलवर शोधू नका, तिथं खोटे नंबर असतात. कार्ड, यूपीआय, नेट बँकिंग, तिन्ही बंद करायला सांगा आणि तक्रार क्रमांक वेळेसकट लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार चूक ग्राहकाची असली, तरी बँकेला कळवल्यानंतर जे पैसे जातील, ते नुकसान बँकेचं. त्यामुळं ती वेळ कामाला येते.

मग ते अ‍ॅप काढून टाका आणि सगळे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. दुसऱ्या दिवशी शाखेत लेखी अर्ज द्या, पोचवर शिक्का घ्या. आणि काही दिवसांनी "तुमचे पैसे परत मिळवून देतो, थोडी फी भरा" असा फोन आला, तर तोही कट करा.