एम फोर चिपचा आयपॅड गेमिंग लॅपटॉपच्या जागी चालेल का?

नमस्कार मंडळी! हल्ली घरोघरी एक वाद चालू असतो. पोरगा म्हणतो बाबा मला गेमिंग लॅपटॉप पाहिजे, आणि बाबा म्हणतात अरे त्या नव्या आयपॅडमध्ये लॅपटॉपचीच चिप आहे ना, मग तोच घेऊ, अभ्यासालाही होईल आणि गेमलाही. आता यात बाबांचं अर्धं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, म्हणून तर घोळ होतो.

२०२४ च्या मे महिन्यात ॲपलने आयपॅड प्रोमध्ये एम फोर चिप टाकली, आणि तीच एम फोर पुढे मॅकबुकमध्येही आली. चिप कमी पडत नाही हो. रेसिडेंट ईव्हिल फोर, असासिन्स क्रीड मिराज असले कन्सोलवरचे दणदणीत गेम त्यावर चालतात. पण चिपने केलेलं काम उष्णता होऊन बाहेर पडतं, आणि ती उष्णता जाणार कुठे हा खरा प्रश्न आहे.

तेरा इंची आयपॅड प्रो फक्त ५.१ मिलिमीटर जाड आहे. आत पंखा नाही. ॲपलने आत ग्राफाइटचे पातळ पत्रे घातले, मागच्या सफरचंदाच्या लोगोत तांबंसुद्धा घातलं, उष्णता पसरावी म्हणून. पण पसरवणं वेगळं आणि बाहेर फेकणं वेगळं. गेमिंग लॅपटॉपमधलं साधं आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड घ्या, ते एकटंच ११५ वॅटपर्यंत वीज खाऊ शकतं, तेही तासनतास, कारण दोन पंखे सतत गरम हवा बाहेर ढकलत असतात (आणि शेजारच्या खोलीत ऐकू जाईल एवढा आवाज करतात, तो भाग वेगळा). आयपॅडच्या तेवढ्याशा पत्र्याला त्याचा पाचवा हिस्साही बराच वेळ पेलणं जड जातं.

मग होतं काय, तर पहिली दहा-पंधरा मिनिटं गेम मस्त पळतो, आणि नेमकं तेवढंच बघून लोक यूट्यूबवर रिव्ह्यू टाकतात. नंतर चिप स्वतःला वाचवायला वेग कमी करते, याला थ्रॉटलिंग म्हणतात. ओळखायचं कसं? कॅमेरा फिरवला की चित्र अडखळायला लागतं, मागची बाजू हाताला चटका देते, आणि ब्राइटनेस पूर्ण ठेवलेला असूनही स्क्रीन आपोआप मंद होते. ॲपल स्वतःच सांगतं की आयपॅड ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा. आता मे महिन्यात अकोल्यात नाहीतर नागपुरात पंख्याखाली बसून खेळणाऱ्याने हा आकडा नीट लक्षात ठेवावा, तिथे पंधरा मिनिटंसुद्धा मिळायची नाहीत.

बॅटरीचाही हिशोब करू. तेरा इंचीत साधारण ३९ वॅट-अवरची बॅटरी आहे. समजा गेम आणि स्क्रीन मिळून २० वॅट खातायत, तर दोन तासांत खेळ खल्लास. चार्जर लावून खेळा म्हणाल तर बॅटरी चार्ज होताना आणखी तापते, म्हणजे थ्रॉटलिंग अजून लवकर.

पण समजा तुम्ही एसीत बसलात, हा सगळा त्रास नाही, तरी दुसरी अडचण उरतेच आणि माझ्या मते तीच जास्त मोठी आहे. तुमचा गेम आयपॅडवर आहे का? पीसीवरचे बहुतेक गेम विंडोजसाठी, इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरसाठी बनलेले असतात. एम फोरच्याच मॅकबुकवर क्रॉसओव्हरसारखं सॉफ्टवेअर टाकून त्यातले बरेचसे चालवता येतात, कारण मॅक त्या प्रोग्रामच्या सूचना आपल्या चिपच्या भाषेत बदलून घेऊ शकतो. आयपॅडवर ॲपल साध्या ॲपना अशी चालता-चालता भाषा बदलायची परवानगीच देत नाही. म्हणजे चिप तीच, पण दार बंद. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानातून विकत घेतलेले तुमचे सगळे गेम तिथे इन्स्टॉल होत नाहीत, गेममध्ये बदल करणारे मॉड टाकणं विसरा, आणि व्हॅलोरंटसारखा गेम तर चीटिंग पकडणाऱ्या त्याच्या अँटी-चीट प्रोग्राममुळे पीसीवर विंडोजशिवाय चालतच नाही.

म्हणून मी बाबांना सांगेन, पोराला आधी त्याच्या पाच आवडत्या गेमांची नावं कागदावर लिहायला लावा आणि ॲप स्टोअरवर एकेक शोधा. सापडले तर रेसिडेंट ईव्हिलसारख्या काही गेमचा सुरुवातीचा भाग फुकट खेळता येतो, तो कुणाच्यातरी आयपॅडवर सलग पाऊण तास खेळून बघा, दुकानातल्या पाच मिनिटांवर जाऊ नका. पाचातले चार सापडलेच नाहीत तर जाड, पंखेवाला लॅपटॉप घ्या. आणि घरात आधीच दणकट पीसी असेल तर मात्र आयपॅडवर स्टीम लिंक हे ॲप टाका, गेम पीसीवर चालतो, आयपॅडवर नुसतं चित्र येतं, त्यामुळे तो फारसा तापतही नाही. फक्त पीसीला राउटरपासून केबल ओढा, वायफायवर ठेवलात तर बटण दाबल्यावर गोळी सुटायला उशीर होईल आणि पोरगं पुन्हा तुमच्याच नावाने ओरडेल.