जोकरचा चेहरा आणि चौथी चौकट

नमस्कार मंडळी, कापूस वेचाचे दिवस आहेत, तुमच्यातले बरेच जण वावरातच ऐकत असान. आज बोलाचं आहे मोबाईलवरच्या जोकरबद्दल. तो गोल चेहरा, पांढरा रंग, लाल नाक, दोन्ही बाजूनं फुगलेले केस. 2016 मध्ये हा इमोजी युनिकोडच्या यादीत आला आणि मग फोनमध्ये. आता आपल्याकडची पोट्टे कोणी फसवलं की दुसऱ्याला शिव्या द्यायच्या ऐवजी हाच चेहरा स्वतःच्या नावापुढं टाकतात.

त्याचंच मोठं रूप म्हणजे ते चार चौकटींचं मीम. एक माणूस तोंडाला रंग लावतो, पहिल्या चौकटीत थोडा, मग जास्त, मग रंगीबेरंगी विग, शेवटी पुरा जोकर. बाजूला चार ओळी, आणि त्या चारही ओळी म्हणजे आपण त्या त्या वेळी स्वतःलाच दिलेली समजूत. काही जण स्वतःच्या फोटोवरच लाल नाक चढवून स्टेटसला लावतात.

यवतमाळकडच्या एका पोराचं सांगतो, त्याला विचारूनच सांगतो. घरी येऊन कापूस घेणारा एक व्यापारी, त्याला यानं 20 क्विंटल दिला, भाव ठरला 7200, म्हणजे 1 लाख 44 हजार. पैशे बुडाल्यासारखे वाटले तेव्हा पोरानं मीम बनवलं. पहिली ओळ, "बाजारापेक्षा 200 जास्त देऊन राह्यला, मानूस चांगला हाय." दुसरी, "सोमवारी पैशे भेटतेत, काट्याची चिठ्ठी कायले मागाची." तिसरी, "फोन लागत नाही, रेंज नसन." चौथी, "चेक वटला नाही, पन दुसरा देतो म्हनला." लोकायनं खाली हसून हसून घेतलं.

आता बाप्पा, इथं थांबून पाहा. चारही चौकटीत रंग कोणाच्या तोंडाला लागला? विश्वास ठेवणाऱ्याच्या. ज्यानं खोटं सांगितलं तो चित्रात कुठंच नाही. मला हेच खुपते. आणि त्या ओळी आज वाचल्या तर वेडेपणा वाटतो, कारण शेवट आपल्याला माहीत आहे, पण त्या दिवशी पोराजवळ कारण होतं ना, मागच्या साली याच माणसानं शेजारच्या काकाले रोख पैशे मोजून दिले होते, मग यानं भरवसा ठेवला तर त्यात जोकरपणा कोणता? मीममधून ते कारण गळून जाते, फक्त भोळेपणा उरते.

तरी मी पोरायले हे करू नका म्हणत नाही. लाजेपायी तोंड लपवून बसण्यापेक्षा हसून सांगणं बरं, कमीत कमी गोष्ट बाहेर तर येते. फरक एवढाच आहे, नुसता जोकरचा चेहरा टाकला तर काय झालं हे कोणाले कळत नाही, कोणी विचारतही नाही. ओळी लिहिल्या तर फसवणारा नेमकं काय काय बोलला हे जसंच्या तसं समोर येते. पण स्टेटस 24 तासांत जाते, म्हणून मूळ चॅट, कॉलची नोंद, चेकचा फोटो हे रागात डिलीट करू नका. आणि स्वतःच्या चेहऱ्याचा एडिट टाकताना ध्यानात ठेवा, स्टेटस गेलं तरी कोणी काढलेला स्क्रीनशॉट जात नाही.

सगळ्यात जास्त नुकसान चौथ्या चौकटीत होते. चेक वटला नाही की बँक मेमो देते. खात्यात पैशे नसल्यामुळं परत आला असन तर तो मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत व्यापाऱ्याला लेखी नोटीस द्यावी लागते, नोटीस मिळाल्यावर त्याला पैशे द्यायला 15 दिवस, तरीही नाही दिले तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. हे परक्राम्य संलेख कायद्याचं कलम 138. "दुसरा देतो म्हनला" या ओळीवर पोरगा थांबला असता तर तेच 30 दिवस निघून गेले असते, आणि स्वतःला जोकर म्हणून मोकळं झालेला माणूस असाच थांबते, त्याच्या लेखी गोष्ट संपलेली असते.

त्याच्या बाबतीत झालं असं की स्टेटस पाहून बाजूच्या गावच्या दोघांचे मेसेज आले, "भाऊ, तुही दुसरी ओळ आमालेबी म्हनला होता, सोमवारचीच." तिघांचाही सोमवार एकच, व्यापारीही एकच. मग तिघांनी आपापले मेमो आणि चॅटचे स्क्रीनशॉट एकत्र केले, मुदत शिल्लक होती तेवढ्यात तालुक्याच्या वकिलाकडून तीन नोटिसा रजिस्टर पोस्टानं गेल्या, आणि पोच आली ती त्यांनी चेकसोबत टाचणी मारून ठेवली आहे.